एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर

गेल्या फेब्रुवारीत, मी नववीत असताना, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात भाषण करण्यासाठी विज्ञानाच्या बाईंनी माझे नाव घातले. विषय होता ‘आपली सूर्यमाला’ आणि वेळ होती दहा मिनिटे. प्रभात रस्त्याच्या परिसरातील आमच्या शाळेत 28 फेब्रुवारीला सातवी-आठवीच्या मुलांसमोर दरवर्षी असे भाषण होते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1928 साली याच दिवशी आपला प्रकाशविषयक शोध लावला, हे सांगून सुरुवात करायची आणि मग फळ्यावर टांगलेल्या तक्त्याकडे काठी दाखवत बोलायचे, अशी पद्धत ठरून गेलेली आहे. मीही तसेच भाषण लिहायला घेतले होते. तक्ता नीट पाहू लागले, तेव्हा मात्र माझी अडचण झाली.

तक्त्यावर डाव्या कडेला सूर्याचा पिवळा तुकडा होता आणि त्याच्या उजवीकडे आठ ग्रह जवळजवळ सारख्या अंतराने ओळीत मांडलेले होते. ग्रहांच्या आकारांचे आपसातले प्रमाण बरेचसे बरोबर होते, परंतु अंतरांना कोणतेच प्रमाण नव्हते. मी सहज गणित करून पाहिले. नेपच्यूनपर्यंतचे अंतर वहीच्या पानावर, म्हणजे वीस सेंटिमीटरमध्ये बसवायचे आणि सूर्यही त्याच प्रमाणात काढायचा, तर सूर्याचा व्यास एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढा येतो, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतका. सूर्यच केसाएवढा झाला की त्याच्या एकशे नवांश व्यासाची पृथ्वी काढायला पेन्सिलच उरत नाही. म्हणून पुस्तके आकारासाठी एक प्रमाण आणि अंतरासाठी दुसरे प्रमाण वापरतात, आणि पाहणाऱ्याला मात्र ते एकच चित्र वाटते. बाईंना मी हे दाखवले आणि विचारले, ‘‘बाई, भाषण मैदानावर केले तर चालेल का?’’ त्यांनी थोडा विचार करून सांगितले की, आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात ठेवता आले, तरच मैदानावर जायचे. नाही तर मैदानावरही पुन्हा तक्ताच होईल.

त्या एका अटीने पुढचे तीन आठवडे आखून दिले. प्रमाण निवडताना दोन्ही बाजूंनी ओढाताण होते. सूर्य मोठा घ्यावा, तर ग्रह मैदानाबाहेर जातात. सगळे ग्रह मैदानात आणावेत, तर पृथ्वी डोळ्यांना दिसत नाही. आमच्या मैदानाचा कर्ण टेपने मोजला, तो 92 मीटर भरला. नेपच्यून तेवढ्यात बसवला, तर पृथ्वी पाव मिलिमीटरची होत होती आणि ती दहा फुटांवर बसलेल्या मुलांना दाखवणे अशक्य होते. शेवटी मी मैदानाचा नाद सोडला आणि पृथ्वी डोळ्यांना दिसलीच पाहिजे, या बाजूने विचार सुरू केला. एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर असे धरले, तर पृथ्वी सव्वा मिलिमीटरची होते आणि एक मीटर म्हणजे बरोबर एक कोटी किलोमीटर होतात. हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण आपण अंतरे कोटींतच मोजतो. सूर्यापासून पृथ्वी सुमारे 15 कोटी किलोमीटरवर आहे, म्हणून ती 15 मीटरवर. गुरू 78 कोटींवर, म्हणून 78 मीटरवर. मैदानावरच्या मुलांना एकाही ठिकाणी भागाकार करावा लागणार नव्हता.

आता त्या मापाच्या वस्तू शोधायच्या होत्या आणि त्या मला बहुतेक सगळ्या आमच्या स्वयंपाकघरात मिळाल्या. धान्याचा दाणा पट्टीवर ठेवून मोजता येत नाही. म्हणून आईने सुचवल्याप्रमाणे दहा-दहा दाणे पट्टीच्या कडेला चिकटवून ओळीत लावले आणि येणाऱ्या लांबीला दहाने भागले. राजगिऱ्याचे दहा दाणे साडेबारा मिलिमीटर भरले. म्हणजे एक राजगिरा ही जवळजवळ नेमकी पृथ्वी होती आणि त्यातल्या त्यात बारीक दाणा शुक्रासाठी चालला. मंगळासाठी खसखशीचा दाणा आणि बुधासाठी रव्याचा कण घेतला. गुरूसाठी धाकट्या भावाची चौदा मिलिमीटरची काचेची गोटी, शनीसाठी भिजवलेला काबुली चणा, युरेनस आणि नेपच्यूनसाठी दोन मिरे. शनीची कडी कागदाची कापली. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 27 मिलिमीटर रुंद येते, म्हणजे सूर्यमालेतील ही सर्वांत डौलदार वस्तू या प्रमाणात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडीच मोठी असते.

सूर्यासाठी मी क्रिकेटचा चेंडू घेतला होता आणि तीच माझी मोठी चूक होती. ती कशी सापडली, ते सविस्तर सांगते, कारण असे मॉडेल करणाऱ्या कोणालाही ती तपासणी उपयोगी पडेल. आकाशातला सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीवरून जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात, सुमारे अर्ध्या अंशाचे. मॉडेल खरे असेल, तर पृथ्वीच्या दाण्याजवळ उभे राहून 15 मीटरवरचा आपला सूर्यही तेवढाच दिसला पाहिजे. प्रत्यक्ष सूर्याकडे पाहणे डोळ्यांना घातक आहे, म्हणून मी चंद्राचा आधार घेतला. माघी पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर जाऊन, कागदाला पंचिंग मशीनने पाडलेले भोक हात पूर्ण लांब करून चंद्रासमोर धरले. चंद्र त्या भोकात जवळजवळ तंतोतंत बसला, कडेने अगदी बारीक जागा उरली. दुसऱ्या दिवशी शाळेत तोच कागद, तोच हात, समोर पंधरा मीटरवर क्रिकेटचा चेंडू. चेंडूने भोकाचा निम्मा व्यासच भरला.

अंतर पुन्हा मोजले, ते बरोबर होते. मग आकडे तपासले आणि कारण कळले. मी ज्या कोष्टकातून मापे उतरवली होती, त्यात ग्रहांचे व्यास दिले होते आणि सूर्याची मात्र त्रिज्या दिली होती, 6 लाख 96 हजार किलोमीटर. मी तीच संख्या व्यास समजून लिहिली होती. सूर्याचा व्यास 13 लाख 92 हजार किलोमीटर आहे, म्हणजे आमच्या प्रमाणात जवळजवळ चौदा सेंटिमीटर. भोकाची ती तपासणी केली नसती, तर अर्ध्या व्यासाचा सूर्य घेऊन मी आत्मविश्वासाने बोलत राहिले असते आणि मैदानावरच्या कोणालाही ते जाणवले नसते.

चौदा सेंटिमीटरचा चेंडू बाजारात मिळेना, म्हणून फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवून तो घरीच केला. गोल वस्तूचा व्यास थेट मोजणे कठीण असते. परीघ मोजणे सोपे. आजीच्या शिवणकामाच्या टेपने परीघ 43.7 सेंटिमीटर भरायला हवा होता. पहिल्यांदा तो 46 भरला, कारण ओल्या कागदाच्या थरांची जाडी मी हिशेबात धरलीच नव्हती. दुसरा फुगा कमी फुगवला आणि दर दोन थरांनंतर टेप लावत गेले. वाळल्यावर 43.5 आला, तेव्हा पिवळा रंग दिला आणि पुन्हा कागदाच्या भोकातून पाहिले. चेंडू भोकात चंद्रासारखा बसला.

दरम्यान बाईंनी एक कळीचा प्रश्न विचारला होता. अंतरे दाखवलीस, पण वेळ कशी दाखवणार? प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. आमच्या प्रमाणात ते तीन सेंटिमीटर होतात, म्हणजे मुंगीच्या चालीएवढा वेग. विश्वातील सर्वांत वेगवान गोष्ट आमच्या मैदानावर मुंगीच्या गतीने चालणार होती, आणि हे सांगण्यापेक्षा चालून दाखवणेच योग्य होते. माझी एक मैत्रीण प्रकाशकिरण व्हायला तयार झाली. तिच्या बुटाची लांबी चोवीस सेंटिमीटर आहे. टाचेला चवडा लावून चालायचे ठरवले, तर एका पावलाला आठ सेकंद मिळतात आणि सूर्यापासून पृथ्वीपर्यंत बासष्ट पावले होतात. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु इतके सावकाश चालणे शरीराला मान्य होत नाही. पहिल्या सरावात ती पाच मिनिटांतच पृथ्वीवर पोहोचली. ती तबला शिकते. तिने मनातल्या मनात केरवा धरला, सेकंदाला एक मात्रा, आणि दर समेला एक पाऊल टाकायचे ठरवले. त्यानंतर तिची वेळ कधीही वीस सेकंदांपेक्षा जास्त चुकली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही मैदानावर होतो. मैदानाच्या एका कोपऱ्यात, घंटेजवळ, सूर्याचा चेंडू मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर काठीवर बसवला आणि तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत फक्कीची सरळ रेषा मारली. खेळाच्या खोलीतली टेप तीस मीटरची असल्यामुळे गुरूपर्यंत ती तीनदा लावावी लागली. प्रत्येक वेळी टेप जमिनीला टेकवून ताणली, कारण ती हवेत झोळासारखी लोंबली, की अंतर चुकते. दाणे काळ्या पुठ्ठ्यांवर डिंकाने चिकटवून वाळूने भरलेल्या डब्यांत रोवले होते. साडेआठला पाहणी करताना पृथ्वीचा पुठ्ठा रिकामा आढळला. वाळलेल्या डिंकाचा ठिपका तेवढा जागेवर होता. दाणा वाऱ्याने गेला की मुंगीने नेला, ते कळले नाही, मात्र डबीत वीसेक राजगिरे ठेवलेले होते, म्हणून वेळ निभावली. या वेळी पृथ्वीपासून पावणेचार सेंटिमीटरवर पांढऱ्या शाईचा एक सूक्ष्म ठिपकाही काढला. तो चंद्र. माणूस आजपर्यंत जास्तीत जास्त जिथवर गेला आहे, ते अंतर माझ्या दोन बोटांच्या रुंदीत मावत होते.

शनी 143 मीटरवर, युरेनस 287 मीटरवर आणि नेपच्यून 450 मीटरवर येत होता. मैदान तर 92 मीटरलाच संपत होते. एवढ्या मुलांना रस्त्यावर नेण्याची परवानगी मिळणे शक्य नव्हते आणि ते योग्यही झाले नसते. म्हणून बाहेरचे तीन ग्रह दहावीच्या तीन दादांकडे आणि त्यांच्यासोबत गेलेल्या दोन शिक्षकांकडे सोपवले. मोबाइलवरच्या नकाशात शाळेपासूनची सरळ अंतरे आधीच पाहून ठेवली होती, कारण गल्ली वळणाची आहे आणि रस्त्याने मोजलेले अंतर सूर्यापासूनचे अंतर नसते. शनी फाटकाबाहेरच्या वाण्याच्या दुकानाजवळ उभा राहिला, युरेनस रिक्षाथांब्यावर आणि नेपच्यून पार मुख्य रस्त्याच्या बसथांब्याजवळ.

साडेनऊला भाषण सुरू झाले. माझ्या पहिल्या वाक्याबरोबर मैत्रिणीने सूर्यापासून पहिले पाऊल टाकले. मी मुलांना सांगितले, ‘‘ही ताई म्हणजे प्रकाशकिरण आहे. मी आता तुमच्याबरोबर पुढे जाणार आहे. तिच्याकडे अधूनमधून लक्ष ठेवा.’’ मग आम्ही निघालो. सहा मीटरवर रव्याचा कण, अकरा मीटरवर शुक्र. मुले रांगेने वाकून पुठ्ठ्याकडे पाहत होती. एका मुलीने विचारले की, ‘‘ताई, यात दाणा कुठे आहे?’’ मी बोटाने दाखवला, तेव्हा ती मागे वळून सूर्याकडे पाहू लागली आणि बराच वेळ काही बोलली नाही. पृथ्वीपाशी मी पंच केलेले कागद वाटले आणि प्रत्येकाला चेंडू त्या भोकातून पाहायला लावले. आकाशात आपल्याला सूर्य एवढाच दिसतो, हे सांगितल्यावर पुष्कळ मुलांनी कागद खाली घेऊन पुन्हा वर धरून पाहिला. इथे ठरल्यापेक्षा दोन मिनिटे जास्त गेली, परंतु मला ती वाचवावीशी वाटली नाहीत.

मंगळापासून गुरूपर्यंत पंचावन्न मीटर रिकामी जमीन आहे. लघुग्रहांचा पट्टा याच भागात येतो आणि चित्रांमध्ये तो दगडांनी खच्चून भरलेला दाखवतात. म्हणून मी मध्येच थांबून सांगितले की, त्या पट्ट्यातील सर्वांत मोठी वस्तू, सेरेस, आमच्या प्रमाणात एक दशांश मिलिमीटरपेक्षाही लहान होते, आणि बाकीचे लघुग्रह तर मुलांच्या पायांखालच्या धुळीच्या कणांहूनही बारीक. आम्ही गुरूच्या गोटीपाशी पोहोचलो, त्यानंतर थोड्याच वेळात मागून टाळ्या ऐकू आल्या. मैत्रीण पृथ्वीवर पोहोचली होती. बाईंच्या घड्याळात आठ मिनिटे आणि अकरा सेकंद झाले होते. प्रत्यक्ष प्रकाशाला आठ मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास लागतात. ती अशीच चालत राहिली असती, तर गुरूपर्यंत यायला तिला पाऊण तास आणि बसथांब्यावरच्या नेपच्यूनपर्यंत जायला चार तासांहून अधिक लागले असते, हे सांगितल्यावर आठवीतल्या एका मुलाने ताबडतोब विचारले, ‘‘म्हणजे शाळा सुटेपर्यंत?’’ जवळजवळ तितकेच.

बाईंच्या मोबाइलवरून बाहेरच्या तिन्ही दादांना एकेक करून फोन लावला आणि आवाज ध्वनिवर्धकावर ऐकवला. मुलांना ते दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. नेपच्यूनवाल्या दादाच्या आवाजामागे बसचा हॉर्न वाजला, तेव्हा तो किती लांब आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मग मी सांगितले की, 1977 साली निघालेले व्हॉयेजर-1 हे यान आज या मापाने सुमारे अडीच किलोमीटरवर आहे, म्हणजे आमच्या शाळेपासून साधारण शनिवारवाड्याएवढे लांब. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, चार हजार किलोमीटरवर, म्हणजे सिंगापूरच्याही पलीकडे. शनिवारवाड्यापासून सिंगापूरपर्यंत मध्ये दुसरा एकही सूर्य नाही.

प्रश्नांच्या वेळी सातवीतल्या एका मुलाने मॉडेलमधली खरी उणीव बरोबर पकडली. ग्रह असे एका रेषेत असतात का, असे त्याने विचारले. नसतात. फक्कीची रेषा ही केवळ मोजण्याची सोय होती. प्रत्येक दाणा सूर्याभोवती आपापल्या वर्तुळावर कुठेतरी असतो, आणि तीही अगदी वर्तुळे नसतात. बुध साडेचार मीटरपासून सात मीटरपर्यंत आत-बाहेर होतो. मी मांडली होती, ती सरासरी होती. पृथ्वी आणि मंगळ सर्वांत जवळ आले, तर त्यांच्यात सहा मीटरही अंतर राहत नाही आणि सूर्याच्या दोन बाजूंना गेले, तर सुमारे चाळीस मीटर होते. राजगिऱ्याचा तो दाणा पंधरा मीटर त्रिज्येच्या वाटेवर तासाला एक सेंटिमीटर सरकतो. पृथ्वीचा प्रचंड म्हणून सांगितला जाणारा वेग या प्रमाणात तेवढाच आहे. तो फेरा पूर्ण व्हायला वर्ष का लागते, हे त्या मुलाने स्वतःच बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि बाईंनी त्याला थांबवले नाही.

एक गोष्ट मात्र भाषणात करता आली नव्हती. नेपच्यूनवरून सूर्य कसा दिसतो, ते गल्लीच्या वळणामुळे कोणालाच पाहता आले नव्हते. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला मी, आई आणि धाकटा भाऊ रहदारी नसलेला एक लांब सरळ रस्ता शोधून तिथे गेलो. भावाला चेंडू देऊन एका टोकाला उभे केले आणि आम्ही दोघी साडेचारशे मीटर चालत गेलो. गणिताने चेंडूची रुंदी तिथून एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी दिसायला हवी होती, म्हणजे डोळ्याला ठिपका आणि गोल यांतला फरक कळण्याच्या अगदी काठावर. खऱ्या नेपच्यूनवरचा सूर्य तेवढाच लहान, पण पौर्णिमेच्या चंद्राच्या शेकडो पट तेजस्वी असेल, कारण तो स्वतः प्रकाशतो. आमच्या चेंडूला प्रकाश नव्हता. मला भाऊ दिसत होता, त्याचा निळा स्वेटर दिसत होता, पण चेंडू काही दिसेना. आईने फोन करून त्याला चेंडू डोक्यावर धरून हलवायला सांगितले, तेव्हा त्याच्या डोक्यावर एक पिवळा कण हलताना दिसला.